गरोदरपणातल्या मळमळीवर आलं आणि बी-सिक्स: किती घ्यायचं, कसं मोजायचं आणि डॉक्टरकडे कधी निघायचं

माझ्या पहिल्या गरोदरपणात सातव्या आठवड्यापासून मळमळ सुरू झाली. "आलं घे", "बी-सिक्स घे" असं मला जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं. पण किती घ्यायचं, दिवसातून कितीदा, किती दिवस आणि कशाने थांबायचं, हे कुणीच सांगितलं नाही. मी बी-सिक्सची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी एकदम घेत राहिले. शिवाय बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी आणि गरोदरपणातली मल्टिव्हिटॅमिनची एक गोळी चालू होती. या तिन्हींत बी-सिक्स आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळची मळमळ मात्र तशीच राहिली.

तीन वर्षांनी धाकट्या बहिणीला दिवस गेले आणि तिलाही तोच त्रास सुरू झाला. तेव्हा आम्ही दोघींनी वही घेऊन नीट पद्धतीने हे केलं. पुढे लिहिलेलं सगळं त्या वहीवरून आणि तिच्या डॉक्टरांशी झालेल्या बोलण्यावरून लिहिते आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. ही मळमळ मनाचा खेळ नाही. वारेतून जीडीएफ-१५ नावाचं एक संप्रेरक आईच्या रक्तात येतं आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्रावर काम करतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं, की गरोदर राहण्याआधी जिच्या रक्तात हे संप्रेरक कमी असतं, तिला त्याची सवय नसते आणि त्रास जास्त होतो. त्यामुळे "मन दुसरीकडे वळव" असं कुणी म्हटलं, तर ते मनावर घेऊ नका. 'मॉर्निंग सिकनेस' हे नावही फसवं आहे, कारण कित्येकींना दिवसभर आणि रात्रीसुद्धा त्रास होतो.

जवळ काय ठेवायचं

- एक वही आणि पेन
- वजनकाटा, आणि गरोदर राहण्याआधीचं वजन कुठेतरी लिहिलेलं
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (फेकून देऊ नका, त्यांवरचं लेबल लागणार आहे)
- जमल्यास ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला छोटा काटा
- डॉक्टरांचा नंबर, आणि रात्री-अपरात्री कुठे जायचं त्या ठिकाणाचा नंबर

## १. आधी त्रास मोजा

"खूप मळमळतंय" यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. दोन दिवसांनी तुम्हाला स्वतःलाही कळत नाही, की कालपेक्षा बरं आहे की वाईट. डॉक्टर यासाठी तीन प्रश्नांची एक गुणपद्धत वापरतात. ती घरी करता येते आणि दोन मिनिटं लागतात. रोज झोपण्यापूर्वी मागच्या २४ तासांचा हिशेब करायचा.

पहिला प्रश्न: एकूण किती वेळ मळमळत होतं? अजिबात नाही तर १ गुण, एक तासापर्यंत २, दोन-तीन तास ३, चार ते सहा तास ४, सहा तासांहून जास्त ५.

दुसरा प्रश्न: किती उलट्या झाल्या? एकही नाही तर १, एक-दोन झाल्या तर २, तीन-चार ३, पाच-सहा ४, सात किंवा जास्त ५.

तिसरा प्रश्न: किती वेळा नुसते उमासे आले, म्हणजे पोट ढवळून आलं पण बाहेर काही पडलं नाही? गुण उलट्यांसारखेच.

तिन्हींची बेरीज करा. ६ पर्यंत त्रास सौम्य, ७ ते १२ मध्यम, १३ किंवा जास्त तीव्र. आलं आणि बी-सिक्स हे सौम्य त्रासासाठी आणि मध्यमच्या खालच्या टोकासाठी आहेत. बेरीज १३ किंवा जास्त झाली असेल, तर हा लेख इथूनच सोडा आणि थेट सहाव्या पायरीवर जा. तीव्र उलट्यांवर चार दिवस आलं चघळत बसण्यात फक्त वेळ जातो, आणि तेवढ्या वेळात अंगातलं पाणी कमी होत जातं.

वहीत आणखी तीन गोष्टी लिहा: लघवी शेवटची कधी झाली आणि रंग कसा होता, दिवसभरात साधारण किती पाणी पोटात राहिलं, आणि दर तीन-चार दिवसांनी सकाळचं वजन. पुढे निर्णय याच तीन नोंदींवर करायचा आहे.

## २. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा

दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं म्हणून ते सगळ्यांना चालतं असं नाही. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, रक्तस्रावाचा आजार असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर औषध म्हणून आलं घेण्याआधी विचारायलाच हवं. फिट्सच्या काही औषधांची, विशेषतः फेनिटॉइन आणि फिनोबार्बिटोनची, रक्तातली पातळी जास्त बी-सिक्सने कमी होऊ शकते. मधुमेह असेल, तर उलट्या सुरू झाल्या की लगेच कळवायचं, कारण अन्न पोटात राहत नसताना इन्सुलिनचं गणित बिघडतं.

याच फोनमध्ये लोहाच्या गोळीबद्दलही विचारा. लोहाने पुष्कळदा मळमळ वाढते. पहिल्या तिमाहीत काही आठवडे लोह असलेली गोळी बाजूला ठेवून फक्त फॉलिक ॲसिड घ्यायचं, असा बदल डॉक्टर करून देतात. माझ्या बहिणीला नुसत्या या बदलानेही सकाळ थोडी हलकी गेली. मात्र तो बदल स्वतःच्या मनाने करू नका, आणि फॉलिक ॲसिड तर मुळीच सोडू नका.

## ३. बी-सिक्स: लेबल वाचा, बेरीज करा, विभागून घ्या

गोळीवर 'बी-सिक्स' असं लिहिलेलं असेलच असं नाही. 'पायरीडॉक्सिन' किंवा 'पायरीडॉक्सिन हायड्रोक्लोराइड' हे नाव शोधा. दोन्ही एकच.

अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने दिलेला डोस असा आहे: एका वेळी १० ते २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन ते चार वेळा. म्हणजे साधारण दर सहा ते आठ तासांनी. गरोदरपणात शरीराची रोजची गरज जेमतेम १.९ मिलिग्रॅम आहे. त्यावरून लक्षात येईल, की इथे आपण ते जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढायला नाही, तर औषध म्हणून घेतो आहोत. म्हणूनच मात्रा सांभाळायची.

आता माझी चूक बघा. मी १०० मिलिग्रॅम सकाळी एकदम घेत होते. ज्या अभ्यासांत बी-सिक्सचा उपयोग दिसला, त्यांत ते विभागूनच दिलेलं होतं: एका अभ्यासात २५ मिलिग्रॅम दर आठ तासांनी तीन दिवस, दुसऱ्या मोठ्या अभ्यासात रोज ३० मिलिग्रॅम पाच दिवस. दिवसभर टिकणारी मळमळ सकाळच्या एका मोठ्या गोळीने आवरेल, अशी अपेक्षाच चुकीची होती.

दुसरी चूक बेरजेची. जवळ असलेली सगळी पाकिटं टेबलावर मांडा आणि प्रत्येकावर पायरीडॉक्सिनचा आकडा शोधा: मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स, 'एनर्जी'ची पावडर, मळमळीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या चघळायच्या गोळ्या. सगळे आकडे दिवसाच्या हिशेबाने मिळवा. प्रौढ माणसासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ही अमेरिकेत मान्य असलेली वरची मर्यादा आहे. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये दीर्घकाळ घेण्यासाठी ती बरीच खाली, १२ मिलिग्रॅमवर आणली. ती मर्यादा वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्यांचा विचार करून ठरवलेली आहे आणि आपला वापर काही आठवड्यांचा आहे. तरी त्यातून एक गोष्ट घ्यायची: हे 'पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व आहे, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं' असं समजून ते हवं तेवढं घ्यायचं नाही. जास्त मात्रा दीर्घकाळ घेतली तर नसांना इजा होते. हातापायांच्या बोटांना मुंग्या, बधिरपणा, तळव्यांत जळजळ जाणवू लागली, तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

मोठ्या ताकदीची गोळी मिळाली तर ती तोडता येते का, हे औषधविक्रेत्याला विचारा. मध्ये खाच असलेली साधी गोळी तोडता येते. 'हळूहळू विरघळणारी' असं लिहिलेली गोळी तोडायची नाही, चावायचीही नाही.

काय अपेक्षा ठेवायची? बी-सिक्सने मळमळ कमी होते. उलट्या कमी होतीलच असं सांगता येत नाही, तिथे पुरावा कमजोर आहे. चार-पाच दिवसांत वहीतली बेरीज जराही उतरली नाही, तर मात्रा वाढवण्यापेक्षा डॉक्टरांना सांगून पुढच्या औषधाकडे जाणं योग्य.

गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दुप्पट गोळी घेऊ नका. पुढच्या ठरलेल्या वेळी नेहमीची घ्या, आणि असं रोजच होत असेल तर कळवा.

## ४. आलं: 'थोडंसं' म्हणजे किती ग्रॅम

आल्याच्या अभ्यासांत सगळ्यात जास्त वापरलेली मात्रा म्हणजे दिवसाला १ ग्रॅम वाळलेलं आलं, म्हणजे सुंठपूड, चार भागांत: २५० मिलिग्रॅम सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपताना. काही अभ्यासांत दीड ग्रॅमपर्यंत गेले आहेत. बहुतेक अभ्यास चार दिवस ते तीन आठवडे एवढ्याच काळाचे आहेत, म्हणून महिनोन् महिने ही मात्रा चालू ठेवायची नाही. ऑस्ट्रेलियात २९१ गरोदर बायकांवर केलेल्या एका अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, रोज साधारण १ ग्रॅम आलं आणि रोज ७५ मिलिग्रॅम बी-सिक्स यांची तीन आठवडे तुलना केली होती. दोन्हींचा गुण सारखाच आला. म्हणजे यांत एक भारी आणि एक हलकं असं काही नाही. ज्याची चव आणि वास तुम्हाला सहन होतो ते आधी घ्या.

१ ग्रॅम सुंठपूड म्हणजे छोटा सपाट चमचा साधारण अर्धा. ती चार भागांत वाटली तर एक भाग चिमटीत मावतो. ताजं आलं वापरायचं असेल, तर त्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं हे लक्षात ठेवा. म्हणून दिवसाला साधारण ५ ग्रॅम ताजं आलं घ्यायचं. आम्ही हे काट्यावर तोललं तेव्हा दोघी चकित झालो, कारण ५ ग्रॅम म्हणजे दोन-तीन पातळ चकत्याच होतात. बहीण त्याआधी अर्ध्या बोटाएवढा तुकडा किसून एकदम खात होती आणि मग छातीत जळजळ होते म्हणून रडकुंडीला येत होती.

आलं उकळून पाणी प्यायला हरकत नाही, आणि घोट घोट गरम पाणी पोटात राहत असेल तर त्याचाच फायदा मोठा. पण त्या पाण्यात आलं किती उतरलं हे चकत्या किती पातळ होत्या आणि किती वेळ उकळल्या यावर ठरतं. ते 'डोस' म्हणून वहीत लिहू नका, 'पाणी' म्हणून लिहा. आल्याच्या नावाने विकली जाणारी गोड पेयं आणि बिस्किटं यांत पुष्कळदा नावापुरतंच आलं असतं, तीही हिशेबात धरू नका.

कॅप्सूल घ्यायची असेल तर लेबलवर दोन शब्द बघा: 'पूड' आणि 'अर्क'. २५० मिलिग्रॅम पूड म्हणजे २५० मिलिग्रॅम आलंच. अर्क मात्र दाट असतो. थोड्याशा अर्कात कितीतरी जास्त आल्याचा ऐवज असू शकतो, म्हणून पुडीचा डोस अर्काला लावू नका. आल्याबरोबर इतर वनस्पती मिसळलेली कॅप्सूल असेल तर ती परत ठेवा, कारण त्या बाकीच्या वनस्पती गरोदरपणात चालतात का हे लेबल सांगत नाही.

आल्याने जळजळ होणं हा सर्वांत सामान्य त्रास आहे. रिकाम्या पोटी घेऊ नका, आधी चार घास कोरडं काही खा. तरीही जळजळ थांबत नसेल तर आलं तुमच्यासाठी नाही, बी-सिक्सवरच राहा. प्रसूती जवळ आल्यावर किंवा कुठली शस्त्रक्रिया ठरली असेल, तर औषधाच्या मात्रेत आलं घेणं बंद करा.

## ५. एका वेळी एकच बदल: बहिणीची वही

दोन्ही एकदम सुरू केलं, तर कशाने बरं वाटलं आणि कशाने जळजळ झाली हे कळत नाही. म्हणून चार दिवस एक, मग गरज असेल तर दुसरं जोडायचं.

बहिणीचं आधीचं वजन ५८ किलो होतं. सात आठवडे आणि चार दिवस झाले असताना पहिली नोंद अशी: मळमळ पाच तास (४), उलट्या दोन (२), उमासे तीन वेळा (३). बेरीज ९, मध्यम. पाणी पोटात राहत होतं, लघवी दिवसातून पाचदा, फिकी. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी २५ मिलिग्रॅम बी-सिक्स दिवसातून तीनदा घ्यायला सांगितलं. मल्टिव्हिटॅमिनमध्ये २ मिलिग्रॅम होतं, म्हणजे दिवसाची बेरीज ७७. मर्यादेच्या आत.

पहिली गोळी तिने उठल्याबरोबर न घेता उशाशी ठेवलेलं कोरडं काही खाऊन, दहा मिनिटं तशीच पडून राहून मग घेतली. शेवटची झोपताना. चौथ्या दिवशी: मळमळ तीन तास (३), उलटी एक (२), उमासे दोन (२). बेरीज ७. उतार होता, पण तिचं काम होईल एवढा नव्हता. मग सुंठपुडीच्या २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल चार वेळा जोडल्या. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला, "ताई, छातीत आग पडलीय." तिने सकाळची कॅप्सूल रिकाम्या पोटी घेतली होती. खाल्ल्यावर घ्यायला लागल्यावर आग थांबली. आणखी चार दिवसांनी बेरीज ६ झाली. त्या आठवड्यात एकाही दिवशी उलटी झाली नाही आणि ती रोज दुपारी थोडं जेवू शकत होती. आमच्या दृष्टीने उपाय लागू पडला.

मग दहाव्या आठवड्यात एका दिवशी सगळं उलटलं. मळमळ दिवसभर (५), संध्याकाळपर्यंत उलट्या सहा (४), उमासे सातच्या वर (५). बेरीज १४. मी विचारलं, "लघवी कधी झाली?" ती म्हणाली, "सकाळी सातला. आता चार वाजलेत." नऊ तास झाले होते. वजन ५४.९. ५८ किलोचे पाच टक्के म्हणजे २.९ किलो, आणि ती ३.१ किलो उतरली होती. तिला वाटत होतं सकाळपर्यंत थांबावं. मी म्हटलं, "आता थांबायचं नाही, मी निघाले, तू कपडे बदल." तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो.

## ६. डॉक्टरकडे कधी निघायचं

खालीलपैकी एकही गोष्ट झाली, तर त्याच दिवशी जायचं. बेरजेची वाट पाहायची नाही.

- २४ तासांत काहीही, पाणीसुद्धा, पोटात राहिलं नाही
- आठ तास लघवी झाली नाही, किंवा झाली ती अगदी थोडी आणि गडद पिवळी-तपकिरी
- उभं राहिलं की चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते
- आधीच्या वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन उतरलं
- उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं
- पोटात दुखतं, ताप आहे, लघवीला जळजळ होते, किंवा अंगावरून रक्त जातं
- रोज लागणारं एखादं औषध, म्हणजे थायरॉइडचं, फिट्सचं किंवा मधुमेहाचं, पोटात राहत नाही
- बोलणं गोंधळलेलं वाटतं, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो

यातल्या शेवटच्या ओळीला एका क्षणाचाही उशीर करू नका. आठवडेच्या आठवडे अन्न पोटात राहिलं नाही, की शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-वन, संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणूनच रुग्णालयात गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य म्हणा: "इतके दिवस हिच्या पोटात अन्न राहिलेलं नाही." साखरेचं सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायला हवं, आणि तो निर्णय डॉक्टरांना तुमच्या या वाक्यावरून घेता येतो. बहिणीला आधी थायमिन दिलं, मग मीठ-पाण्याचं सलाईन, त्यात पोटॅशियम. रक्तातले क्षार तपासले, लघवी तपासली आणि सोनोग्राफी केली. सोनोग्राफी यासाठी, की जुळं असेल किंवा क्वचित वारेची वाढच विकृत झालेली असेल, तर उलट्या जास्त होतात.

तारखांकडेही लक्ष द्या. साधी गरोदरपणाची मळमळ सहसा चौथ्या ते सातव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बहुतेकींची विसाव्या आठवड्यापर्यंत थांबते. पहिले नऊ आठवडे काहीच झालं नाही आणि त्यानंतर अचानक उलट्या सुरू झाल्या, तर कारण दुसरं असू शकतं: मूत्रमार्गाचा संसर्ग, पित्ताशय, आंत्रपुच्छ, थायरॉइड. तिथे आलं घेऊन बघू असं करू नका. आणि वीस आठवड्यांनंतर उलट्यांबरोबर जोराचं डोकं दुखणं, नजर धूसर होणं किंवा उजव्या बरगडीखाली दुखणं असेल, तर ते रक्तदाबाच्या गंभीर विकाराचं लक्षण असू शकतं. तेव्हा फोनवर सल्ला घेत बसायचं नाही, सरळ रुग्णालयात जायचं.

केटोनच्या पट्ट्यांबद्दल एक शब्द. काही जणी लघवीत केटोन तपासायच्या पट्ट्या घरी आणून ठेवतात. केटोन दिसले म्हणजे पोटात अन्न कमी गेलं एवढंच कळतं, अंगातलं पाणी किती कमी झालं हे त्यावरून ठरत नाही. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शनानेही त्यावर विसंबू नका असं म्हटलं आहे. पट्टी कोरी आली म्हणून घरी थांबू नका, आणि 'केटोन नाहीत, मग परत जा' असं कुणी म्हटलं तर वही पुढे करा.

## ७. आलं-बी-सिक्स पुरलं नाही तर पुढे काय

पुढची पायरी बहुतेक वेळा बी-सिक्स आणि डॉक्सिलामिन एकत्र असलेली गोळी असते. डॉक्सिलामिन हे ॲलर्जीच्या औषधांच्या कुळातलं आहे, गरोदरपणात त्याचा वापर आणि अभ्यास अनेक दशकं झालेला आहे. हळू विरघळणाऱ्या प्रकारात दोन्हींची मात्रा १०-१० मिलिग्रॅम असते. साधारण रात्री दोन गोळ्यांनी सुरुवात होते. त्रास राहिला तर डॉक्टर सकाळी एक आणि मग दुपारी एक वाढवतात, दिवसाला जास्तीत जास्त चार. ती रिकाम्या पोटी, अख्खी गिळायची. झोप येते, म्हणून सुरुवातीचे दिवस गाडी चालवू नका.

इथे पुन्हा बेरीज करावी लागते. चार गोळ्यांत ४० मिलिग्रॅम बी-सिक्स आधीच आलं. बहिणीला घरी सोडताना डॉक्टरांनी हीच गोळी दिली आणि सुट्टी बी-सिक्सची गोळी बंद करायला सांगितली. कागदावर हे लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या, कारण जुनं पाकीट घरात असतं आणि हात आपोआप तिकडे जातो.

रुग्णालयात निघताना पिशवीत ठेवायचं ते असं: वही, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, सोनोग्राफी झाली असेल तर तिचा अहवाल, रक्तगटाचा कागद, ॲलर्जी असलेल्या औषधांची नावं, आणि वाटेत उलटी झाली तर एक पिशवी व रुमाल. सोबत येणाऱ्या माणसाला हे तीन आकडे पाठ करून ठेवायला सांगा: आधीचं वजन आणि आजचं, लघवी शेवटची कधी झाली, आणि पाण्याचा शेवटचा घोट कधी टिकला. बहिणीच्या वेळी प्रवेशद्वाराशी ते मीच सांगितले, कारण तिच्यात बोलायचं त्राण उरलं नव्हतं, आणि वीस मिनिटांत सलाईन लागलं.